सविस्तर सीव्ही की एकपानी रेझ्युमे?

अर्जलेखनाच्या मागील भागात आपण नोकरीच्या अर्जाचा मसुदा पाहिला. त्या अर्जासोबत जोडावयाच्या परिचयपत्राचा विचार येथे करावयाचा आहे. भारतात आपण सीव्ही, रेझ्युमे आणि बायोडाटा हे तिन्ही शब्द बहुधा एकाच अर्थाने वापरतो. अर्ज देशाबाहेर जाणार असेल, तर मात्र ही मोकळीक राहत नाही.

‘करिक्युलम व्हिटे’ हा लॅटिन शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ ‘आयुष्याची वाटचाल’ असा होतो. ‘रेझ्युमे’ हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘सार’. अमेरिकेत हा भेद कटाक्षाने पाळला जातो. तेथे सीव्ही म्हणजे विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्यासाठीचा, कामाबरोबर वाढत जाणारा सविस्तर दस्तऐवज. कंपन्यांसाठी मात्र रेझ्युमे. उमेदवार फार अनुभवी नसेल तर तो एका पानाचा असावा, अशी अपेक्षा असते. ब्रिटनमध्ये मात्र सामान्य नोकरीच्या जाहिरातीतही सीव्हीच मागतात आणि त्यांना अपेक्षित असतात साधारण दोन पाने. म्हणजे जाहिरातीत ‘सीव्ही’ हा शब्द दिसला, एवढ्यावरून लांबी ठरविता येत नाही. ती जाहिरात कोणत्या देशातील आहे आणि अर्ज कोण वाचणार आहे, हे दोन्ही पाहावे लागते.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट करू. कर्जत येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून ते भातसंशोधनासाठी ओळखले जाते. ‘कर्जत’ या नावाने प्रसिद्ध असलेले भाताचे अनेक वाण येथूनच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. समजा, खालापूर तालुक्यातील एका कृषी पदव्युत्तर तरुणीने अशा एखाद्या केंद्रात चार वर्षे संशोधन साहाय्यक म्हणून काम केले आहे. तिला दोन ठिकाणी अर्ज करावयाचा आहे. पहिला अर्ज अमेरिकेतील एका विद्यापीठात, भातपैदाशीवरील पीएच. डी.साठी आहे आणि दुसरा तेथीलच एका बियाणे कंपनीत, प्रक्षेत्र-चाचण्यांच्या पदासाठी. व्यक्ती तीच, देश तोच, अनुभवही तोच. कागद मात्र दोन लागतील.

विद्यापीठातील अर्ज प्राध्यापकांची समिती वाचते. ही व्यक्ती स्वतंत्रपणे संशोधन करू शकेल का, हा त्यांचा प्रश्न असतो. म्हणून सीव्हीत पदव्युत्तर प्रबंधाचे पूर्ण शीर्षक व मार्गदर्शकाचे नाव येते. प्रत्येक शोधनिबंधाची नोंद सर्व लेखकांच्या नावांसह, मूळ क्रम न बदलता करावी. आपले नाव तिसरे असेल तर ते तिसरेच राहते. परिषदांतील सादरीकरणे, अवगत प्रयोगपद्धती आणि संदर्भ देणाऱ्या व्यक्तींचे पत्ते हेही येतात. या तरुणीचा सीव्ही चार पानांचा झाला, तरी त्याची लांबी खटकणार नाही. प्रत्येक पानावर नाव व पृष्ठक्रमांक मात्र हवा.

कंपनीतील वाचक वेगळा असतो. त्याच्यापुढे अर्जांचा ढीग असतो आणि येत्या हंगामात ही व्यक्ती शेतावर काम उभे करील का, एवढेच त्याला ठरवायचे असते. त्याच्यासाठी शोधनिबंधांची यादी ‘तीन शोधनिबंध प्रकाशित’ एवढ्या शब्दांत आटोपते. उलट, सीव्हीत जेमतेम एक ओळ मिळालेले काम येथे वर येते. सीव्हीत नोंद अशी असेल: ‘भातवाणांच्या तुलनात्मक चाचणी प्रकल्पात संशोधन साहाय्यक, जून २०१९ ते मे २०२३.’ रेझ्युमेत तीच नोंद अशी होईल: ‘चार खरीप हंगामांत दरवर्षी २४ वाणांच्या चाचण्यांची आखणी, पुनर्लागण व कापणी, आठ मजुरांच्या कामाचे नियोजन, उत्पादनाच्या नोंदींचे संगणकीय विश्लेषण.’ पहिली नोंद पद सांगते, दुसरी काम सांगते. सीव्ही कापून छोटा केला की रेझ्युमे झाला, हा समज म्हणूनच फसवा आहे. कापलेल्या सीव्हीत पदांची यादी उरते, कामाचा पत्ता लागत नाही.

दोन्ही कागदांतून काही गोष्टी सरसकट गळतात. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म, वडिलांचे नाव व छायाचित्र यांपैकी काहीही अमेरिकेत पाठवू नये. तेथे वंश, धर्म, लिंग यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने आणि वयावरून भेदभाव करण्यास १९६७ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे असा तपशील हाती आलेला नियोक्त्यालाच अडचणीचा वाटतो. आपल्याकडे लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा एकाच साच्यातून निघत असल्यामुळे हा तपशील सवयीने लिहिला जातो. ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ हे शेवटचे प्रतिज्ञावाक्यही तेथे कोणी मागत नाही.

एक पान म्हणजे नेमके कोणते पान, हाही प्रश्न आहे. आपला ए-फोर कागद २९७ मिलिमीटर उंच असतो. अमेरिकेतील ‘लेटर’ कागद सुमारे २७९ मिलिमीटर. खोपोलीतील सायबर कॅफेत एका पानात नेमका बसलेला रेझ्युमे तेथे छापताना तीन-चार ओळी दुसऱ्या पानावर सांडतो. म्हणून संगणकावर पानाचा आकार आधीच ‘लेटर’ करून घ्यावा. ओळी बसत नाहीत म्हणून अक्षर बारीक करू नये. दहा पॉइंटच्या खाली गेलेले अक्षर वाचवत नाही. त्याऐवजी एखादी नोंद काढावी. तारीख ०४/०६/२०१९ अशी लिहिल्यास अमेरिकेत ती ६ एप्रिल अशी वाचली जाते, तेव्हा महिन्याचे नाव अक्षरांत द्यावे.

जर्मनीची रीत या दोहोंहून निराळी आहे आणि महाराष्ट्रातील उमेदवारांना ती आता अधिक उपयोगी पडेल. कुशल मनुष्यबळ पुरविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी सामंजस्य करार केला आहे. जर्मन परिचयपत्राला ‘लेबेन्सलाउफ’ म्हणतात. ते तक्त्याच्या स्वरूपात, बहुधा एक ते दोन पानांचे असते: डावीकडे महिना व वर्ष, उजवीकडे काम, सर्वांत अलीकडची नोंद प्रथम. छायाचित्र लावण्याची जुनी प्रथा आहे. परंतु २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर नियोक्त्याने त्याचा आग्रह धरू नये असे मानले जाते. पदवी व अनुभवाची प्रमाणपत्रे मात्र सोबत जोडावी लागतात.

त्या तक्त्यात वाचकाची नजर रिकाम्या जागेवर जाते. काही महिन्यांची पोकळी दिसली, तर मुलाखतीत तिच्याविषयी विचारणा होते. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत ही पोकळी पुष्कळदा खरी नसते. नोकरी आणि शिक्षण ही दोन्ही एकाच काळात चाललेली असतात. अशा वेळी दोन्ही नोंदी आपापल्या विभागात, त्याच महिन्या-वर्षांसह द्याव्यात आणि शिक्षणाच्या नोंदीपुढे ‘नोकरी सांभाळून, दूरशिक्षणाने’ असे लिहावे. आजारी माणसाच्या शुश्रूषेसाठी किंवा मुलांसाठी घरी घालविलेले वर्षही ‘कौटुंबिक जबाबदारी’ या नावाने नोंदविता येते. एकपानी अमेरिकी रेझ्युमेत मात्र त्या वर्षासाठी ओळ खर्च करू नये. विचारल्यास मुलाखतीत सांगावे.

आपली जाहिरात कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखण्यासाठी तिच्यात काय काय मागितले आहे ते वाचावे. शोधनिबंधांची यादी, संशोधनविषयक निवेदन किंवा तीन संदर्भदात्यांची नावे मागितली असतील, तर सविस्तर सीव्ही पाठवावा. केवळ रेझ्युमे आणि अर्जाचे पत्र मागितले असेल, तर एक पान. पानांची संख्या जाहिरातीतच दिलेली असेल, तर वरील सर्व रूढी बाजूला ठेवून तीच पाळावी.