राजमा आधी खळखळून उकळा

राजमा रात्री भिजत घालून सकाळी मडक्यात निखाऱ्यावर ठेवला, की शेतातून परतेपर्यंत शिजतो, असा आपला समज असतो. दाणा मऊ होतोही. पण तेवढ्याने तो निर्धोक होत नाही.

कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचे प्रथिन असते. ते आतड्याच्या अस्तराला चिकटून इजा करते. १९७६ साली ब्रिटनमध्ये सुट्टीवर गेलेल्या ९ शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि ९ ही जण आजारी पडले. चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ व जोराच्या उलट्या होतात, मग जुलाब लागतात. बहुधा काही तासांत माणूस सावरतो.

मंद आचेवर, ८० अंशांपर्यंतच तापल्यास हा दोष उलट वाढू शकतो. म्हणून आम्ही सांगतो ते एवढेच: राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, ताजे पाणी घालून मोठा जाळ करावा. पाणी खळखळू लागल्यापासून अर्धा तास तसेच उकळू द्यावे. मग खुशाल निखाऱ्यावर ठेवावे. मऊ दाण्यावर विसंबू नये. खळखळ हीच खरी खूण.