घरगुती बेकरीचा लोगो आणि लेबल: आधी बारा पुड्यांचे फोटो काढा, मग प्रिंटवाल्याकडे जा

गणपती-दिवाळी जवळ आली की तालुक्यातल्या अनेक घरांत नानकटाई, खारी, नाचणीची बिस्किटे, कप केक यांच्या ऑर्डरी सुरू होतात. ओळखीतल्या गिऱ्हाइकाला साधी पिशवी चालते. पण माल किराणा दुकानात किंवा बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचा म्हटला की लेबल लागतेच. मग प्रिंटवाल्याकडे जायचे, तो कॉम्प्युटरवर तयार नमुने दाखवतो, त्यातला गव्हाची ओंबी आणि आचाऱ्याची टोपी असलेला एक निवडायचा. तोच नमुना शेजारच्या गावातल्या ताईंनीही निवडलेला असतो! शिवाय स्क्रीनवर हातभर दिसणारे चित्र स्टिकरवर उतरले की नाव मुंगीएवढे होते.

याला सोपा उपाय आहे. बाजारात आधीपासून विकल्या जाणाऱ्या पुड्यांचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि त्यावरून ठरवायचे. नक्कल करण्यासाठी हे फोटो नकोत. कोणती मांडणी लांबून वाचता येते आणि कोणती नाही, हे त्यातून समजते.

फोटो कसे काढायचे

दहा-बारा पुडे पुरेत. चार मोठ्या कंपन्यांचे, चार जवळपासच्या बेकऱ्यांचे आणि चार घरगुती किंवा बचत गटांचे घ्या. तुमचा माल ज्या दुकानात जाणार आहे तिथलेच घेतले तर उत्तम. दुकानदाराला आधी विचारा, सहसा कोणी नाही म्हणत नाही.

प्रत्येक पुड्याचे तीन फोटो काढायचे. पहिला फोटो गिऱ्हाईक जिथे उभे राहते तिथून, म्हणजे साधारण पाच-सहा फुटांवरून, पुडा फळीवर इतर मालात असतानाच. दुसरा समोरून जवळून आणि तिसरा मागच्या बाजूचा. जवळच्या फोटोत पुड्याशेजारी शाळेची पट्टी ठेवा, म्हणजे लेबल किती इंचांचे आहे आणि अक्षर किती मिलिमीटरचे आहे ते घरी बसून मोजता येईल. फ्लॅश बंद ठेवा. चकचकीत पाऊचवर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नेमके नावच झाकले जाते. दारातला उजेड चांगला.

फोटोंत काय बघायचे

घरी आल्यावर लांबचे फोटो मोबाईलच्या गॅलरीत छोट्या चौकटींत बघा. फोटो मोठा न करता कोणत्या पुड्यावरचे नाव वाचता येते? बारापैकी तीन-चारच निघतील. त्यांना बाजूला काढा.

आता तेच फोटो एडिटमध्ये जाऊन काळे-पांढरे करा. लालवर हिरवे किंवा तपकिरीवर मरून अक्षर रंगीत फोटोत उठून दिसते, पण रंग काढला की गायब होते. कारण दोन्ही रंगांचा गडदपणा जवळपास सारखा असतो. संध्याकाळी दुकानातल्या मंद दिव्याखाली गिऱ्हाइकाला तो पुडा तसाच दिसतो. काळ्या-पांढऱ्यात जे नाव टिकते तेच खरे.

शिल्लक राहिलेल्या पुड्यांत बहुतेक वेळा तीन गोष्टी सारख्या दिसतील: नाव लेबलच्या वरच्या अर्ध्या भागात आहे, गडद रंग एकच आहे, आणि नावाच्या चहूबाजूंनी मोकळी जागा सोडलेली आहे. आपल्याला फोटोंतून उचलायचे ते एवढेच. दुसऱ्याचे चित्र, अक्षराचे वळण किंवा ठरलेला रंग उचलू नका. गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल इतके साम्य असेल तर ट्रेडमार्कचा वाद उभा राहू शकतो. बेकरीचे पदार्थ ट्रेडमार्कच्या ३० क्रमांकाच्या वर्गात येतात. ठरवलेले नाव त्या वर्गात कोणी घेतलेले आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते.

लोगो म्हणजे आधी नाव

उदाहरण म्हणून समजा, बेकरीचे नाव ठेवायचे आहे ‘घरभट्टी’. माल चार प्रकारचा: नानकटाई, खारी, नाचणीची बिस्किटे आणि अंडे घातलेले कप केक. चित्र काढायचे की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी नाव वाचले जाते का ते बघू.

मराठी अक्षरांना वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत इंग्रजीपेक्षा मूळ अक्षर लहान होते. ‘घरभट्टी’मध्ये ‘ट्ट’ हे जोडाक्षर आहे. काही फॉन्टमध्ये ते एकाखाली एक येते आणि बारीक छपाईत त्याच्या आतली पोकळी शाईने भरून जाते. लांबून तिथे नुसता काळा ठिपका दिसतो. बारीक-जाड रेषांच्या नक्षीदार फॉन्टमध्ये वेलांटीची बारीक रेघ उडते. म्हणून रेषा सगळीकडे जवळपास सारख्या जाडीची आणि अक्षराचे पोट मोकळे असा फॉन्ट घ्या. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे असे दोन फॉन्ट मोफत मिळतात आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे.

नाव तीन फॉन्टमध्ये लिहून साध्या कागदावर अडीच इंच रुंदीत छापा, भिंतीवर चिकटवा आणि सहा फुटांवर उभे राहून घरातल्या कोणाला तरी वाचायला सांगा. त्या व्यक्तीला नाव आधी माहीत नसेल तर जास्त चांगले. अडखळले तर तो फॉन्ट बाद. चित्र हवेच असेल तर एकच, भरीव आकाराचे. भट्टीची कमान चालेल, पण कमान, त्यात पाव, वर वाफ आणि बाजूला ओंबी असे नको. लोगो एका रंगात निघाला की तोच रबरी शिक्क्यावर, बिलबुकावर आणि खोक्यावर चालतो.

लेबलवर सक्तीचा मजकूर आधी मांडा

फोटोंतला मागच्या बाजूचा फोटो इथे उपयोगी पडतो. मोठ्या कंपनीच्या पुड्यावर काय काय लिहिले आहे त्याची यादी करा. पदार्थाचे नाव, वजनानुसार उतरत्या क्रमाने घटक, पोषणमूल्यांचा तक्ता, मैदा-दूध-अंडे यांसारख्या ॲलर्जीकारक घटकांची सूचना, निव्वळ वजन, कमाल किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख, नाव-पत्ता, ग्राहकांसाठी संपर्क, एफएसएसएआयचा लोगो आणि चौदा आकडी नोंदणी क्रमांक. हे सगळे शेवटी कोंबायला गेले की लोगोवरच घाला येतो, म्हणून याची जागा आधी आखा.

दोन गोष्टींत बऱ्याच जणी चुकतात. पहिली भाषेची. बेकरीचे नाव मराठीत मोठ्याने लिहा, हरकत नाही. पण सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, त्याच्याऐवजी नाही.

दुसरी चूक शाकाहारी खुणेची. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका पुढच्या बाजूला, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ हवा. पुड्याची पुढची बाजू १०० ते ५०० चौरस सेंटीमीटर असेल तर ठिपका किमान ४ मिलिमीटर आणि चौकट त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ मिलिमीटर. पाच बाय साडेसात इंचाचा नेहमीचा पाऊच यातच बसतो. आणि अंडे असलेला केक नियमाने मांसाहारी गटात येतो, त्यावर चौकटीत तपकिरी त्रिकोण लागतो. म्हणजे ‘घरभट्टी’ला पुढचे लेबल दोन प्रकारचे हवे: तीन पदार्थांसाठी हिरव्या खुणेचे, कप केकसाठी तपकिरी खुणेचे.

पुढचे लेबल तीन बाय तीन इंच ठेवू. वर नाव, खाली खूण आणि एक पांढरी पट्टी, जिच्यावर पदार्थाचे नाव शिक्क्याने मारता येईल. घटक प्रत्येक पदार्थाचे वेगळे, म्हणून मागचे तीन बाय दोन इंचाचे लेबल प्रत्येकाचे स्वतंत्र. मऊ पाऊचवर याहून मोठा स्टिकर लावला तर माल भरल्यावर त्याला सुरकुत्या पडतात.

छपाईला देताना

बारा बाय अठरा इंचाच्या डिजिटल शीटवर तीन बाय तीनची पंधरा लेबले बसतात. सुरुवातीला दोन-तीन शीटच काढा. घटक किंवा किंमत बदलली की जुनी लेबले वाया जातात.

कागदी स्टिकर स्वस्त, पण तुपाचा हात लागला की पारदर्शक डाग पडतो. नानकटाई आणि खारीसाठी न फाटणारा प्लास्टिक स्टिकर घ्या, नाहीतर कागदावर लॅमिनेशन करून घ्या. मात्र चकचकीत लॅमिनेशनवर साधे बॉलपेन उठत नाही, शिक्क्याची शाईही पुसली जाते. पदार्थाची पट्टी आणि तारखेची जागा यांसाठी न पुसणारी शाई वापरा किंवा छोटा वेगळा स्टिकर लावा.

मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तर प्रिंटवाल्याच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरे फिसकटू शकतात. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते आणि अक्षरांच्या कडा फाटक्या दिसतात. आणि मोबाईलवर झगझगीत दिसणारा केशरी-पोपटी रंग कागदावर मळकट येतो, हेही लक्षात ठेवा. रंग नेहमी छापील तुकड्यावर बघूनच पास करायचा.

पैसे देण्याआधीची चाचणी

एक शीट नमुना छापून घ्या. माल भरलेल्या पुड्यावर लेबल लावा. एकावर तुपाचे बोट घासा. केकचे खोके रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढून पंधरा मिनिटांनी दव आल्यावर अंगठा फिरवा. शाई पसरली तर छपाई बदला, कड उचलली तर स्टिकर बदला.

मग पुडा त्याच दुकानात, त्याच फळीवर ठेवा, आधी उभे होता तिथूनच फोटो काढा आणि काळा-पांढरा करा. पहिल्या बारा फोटोंच्या ओळीत तो ठेवला की शेजारच्या पुड्यांआधी तुमचे नाव वाचले जाते की नाही, ते लगेच दिसते. वाचले जात असेल तर छापायला द्या. नसेल तर चित्र काढून टाका, नाव मोठे करा आणि पुन्हा एक शीट काढा.