लंडनला पहाटे तीन वाजता

जूनमध्ये पुण्याहून नोकरीसाठी लंडनला उतरलेला माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो. पुण्यात तेव्हा साडेसात वाजलेले असतात आणि कानाला सवयीची भूपाळी हवीशी वाटते. ती मात्र मनाला पुण्याच्याच सकाळीत ठेवते.

त्या वेळी मालकंस लावावा, विलंबित, आवाज अगदी हळू. हा उत्तररात्रीचा राग. लंडनच्या घड्याळाशी जुळणारा. फोन पालथा ठेवावा, कारण पडद्याचा उजेड झोप उडवतो.

गाण्याने मन निवते; शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडाने सरकतं, रोज साधारण तासभर. जूनमध्ये तिथे नऊनंतरही उजेड असतो. पेंग आली तरी संध्याकाळी कानात ठेक्याची लावणी घेऊन बाहेर चालावं. चार-पाच दिवसांत झोप बहुधा रुळावर येते.