अधिकर्षावरील व्याज (गुणाकार पद्धत)

अधिकर्ष किंवा ओव्हरड्राफ्ट म्हणजे चालू खात्यातील जमा रक्कम संपल्यानंतरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढण्याची बँकेने दिलेली सवलत होय. या सवलतीत व्याज मंजूर मर्यादेवर आकारले जात नाही. प्रत्येक दिवसअखेर खात्यात जी नावे शिल्लक असते, तिच्यावरच ते आकारले जाते. महिन्यात ही शिल्लक अनेकदा बदलत असल्याने व्याजाची मोजणी गुणाकार पद्धतीने करतात.

== तत्त्व ==

सरळव्याज रक्कम आणि दिवस या दोहोंच्या प्रमाणात वाढते. म्हणून १,००० रुपये १० दिवस वापरले काय किंवा १०,००० रुपये १ दिवस वापरले काय, व्याज सारखेच होते. प्रत्येक शिल्लक जितके दिवस टिकली तितक्या दिवसांनी तिला गुणले, की येणारा 'गुणाकार' हा १ रुपया तितके दिवस वापरल्याइतका असतो. असे सर्व गुणाकार मिळवता येतात आणि व्याज एकदाच काढता येते:

व्याज = एकूण गुणाकार × वार्षिक दर ÷ (१०० × ३६५)

== उदाहरण ==

एका कापड दुकानदाराची अधिकर्ष मर्यादा २,००,००० रुपये असून व्याजदर द.सा.द.शे. १२ आहे, असे समजू. ३१ मार्चअखेर त्याच्या खात्यात १,२०,००० रुपये नावे आहेत. एप्रिलमध्ये त्याने ६ तारखेस ३०,०००, १८ तारखेस ६०,००० आणि २५ तारखेस ४५,००० रुपये रोख भरले. १३ तारखेस त्याने दिलेला ५०,००० रुपयांचा धनादेश वटला.

| कालावधी | नावे शिल्लक (रु.) | दिवस | गुणाकार |
|---|---|---|---|
| १ ते ५ एप्रिल | १,२०,००० | ५ | ६,००,००० |
| ६ ते १२ एप्रिल | ९०,००० | ७ | ६,३०,००० |
| १३ ते १७ एप्रिल | १,४०,००० | ५ | ७,००,००० |
| १८ ते २४ एप्रिल | ८०,००० | ७ | ५,६०,००० |
| २५ ते ३० एप्रिल | ३५,००० | ६ | २,१०,००० |
| एकूण | | ३० | २७,००,००० |

व्याज = २७,००,००० × १२ ÷ ३६,५०० = ८८७.६७ रुपये.

शिल्लक दिवसअखेरची धरली जाते. त्यामुळे ६ तारखेस भरलेल्या रकमेचा लाभ त्याच दिवसापासून मिळतो आणि १,२०,००० रुपयांची शिल्लक ५ दिवसच मोजली जाते. दिवसांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी आली पाहिजे. ती २९ किंवा ३१ आली, तर एखादी तारीख सुटली आहे किंवा दोनदा मोजली गेली आहे, असे समजावे.

== नेहमी होणाऱ्या चुका ==

'''सरासरी काढणे.''' पहिल्या व शेवटच्या शिलकेची सरासरी (७७,५०० रुपये) घेऊन ३० दिवसांचे व्याज काढल्यास ते ७६४.३८ रुपये येते. ही सरासरी मधले चढउतार आणि त्यांचा कालावधी विचारात घेत नाही. खरी दैनिक सरासरी एकूण गुणाकारास ३० ने भागून मिळते. वरील उदाहरणात ती ९०,००० रुपये आहे.

'''जमा शिल्लक वजा करणे.''' दुकानदाराने २५ तारखेस ४५,००० ऐवजी ९५,००० रुपये भरले असते, तर अखेरचे ६ दिवस खात्यात १५,००० रुपये जमा राहिले असते. चालू खात्यातील जमा रकमेवर सर्वसाधारणपणे व्याज मिळत नाही. म्हणून त्या ६ दिवसांचा गुणाकार शून्य धरावा लागतो, तो उणे करता येत नाही. एकूण गुणाकार २४,९०,००० आणि व्याज ८१८.६३ रुपये येते. जमेचे ९०,००० वजा केल्यास व्याज ७८९.०४ रुपये, म्हणजे चुकीने कमी येते.

'''धनादेश भरल्याची तारीख धरणे.''' १८ तारखेचे ६०,००० रुपये रोख नसून धनादेशाने भरले असते आणि त्याची रक्कम २० तारखेस वसूल झाली असती, तर जुनी शिल्लक आणखी २ दिवस राहिली असती. गुणाकार १,२०,००० ने आणि व्याज ३९.४५ रुपयांनी वाढले असते. खातेदाराचा हिशोब आणि बँकेचा खातेउतारा जुळत नसल्यास प्रथम ही तारीख तपासावी.

== व्याज नावे टाकणे ==

महिनाअखेर काढलेले व्याज खात्यात नावे टाकले जाते. वरील खात्यात ३० एप्रिलचा दिवस संपताना ते टाकल्यास १ मे रोजीची आरंभीची शिल्लक ३५,८८७.६७ रुपये होते आणि मे महिन्याचे गुणाकार याच रकमेपासून सुरू होतात. अशा प्रकारे महिन्यापुरते सरळ असलेले व्याज पुढील महिन्यात मुद्दलाचा भाग बनते, व वर्षभर व्याज न भरल्यास ते मासिक चक्रवाढीने वाढत जाते.