आठ बाइट आणि दोन वर्षं

7 एप्रिल 2014 रोजी ‘हार्टब्लीड’ची बातमी फुटली आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमध्ये भोक होतं. तेही आजकालचं नव्हे, मार्च 2012 मध्ये आलेल्या आवृत्तीपासूनचं. भोक बुजवणं सोपं होतं, नवी आवृत्ती टाकली की झालं. खरा प्रश्न मागे उरला: गेल्या दोन वर्षांत कुणी यातून आत हात घातला होता का? चारच दिवसांत ब्लूमबर्गने बातमी दिली की अमेरिकेच्या एनएसएला हे भोक दोन वर्षांपासून ठाऊक होतं आणि ती ते वापरतही होती. एनएसएने लगेच इन्कार केला. आता खरं-खोटं करायचं कसं?

सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधून उपयोग नव्हता, कारण या हल्ल्याची नोंद तिथे होतच नसे. ‘हार्टबीट’ ही सोय दोन टोकांनी एकमेकांना ‘आहेस ना?’ असं विचारण्यापुरती होती. विचारणारा एक छोटा मजकूर आणि त्या मजकुराची लांबी पाठवतो, समोरचा तोच मजकूर परत करतो. ओपनएसएसएल ती सांगितलेली लांबी तपासून पाहत नसे. मजकूर शून्य पाठवून लांबी सोळा हजार सांगितली, तर सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी जे काही पडलं असेल ते सोळा हजार बाइट उचलून देऊन टाकी. त्यात कुणाचा पासवर्ड असेल, कुणाचं सेशन असेल, कधी खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीही. वेबसाइटच्या लेखी मात्र कुणी एक पानही मागितलेलं नसे.

म्हणजे पुरावा असलाच तर तारेवरून गेलेल्या वाहतुकीत. आणि ती वाहतूक कुणी जपून ठेवली असेल तरच.

नेटवर्कवरची वाहतूक जपण्याच्या दोन रीती आहेत. पहिली फ्लो रेकॉर्डची. राउटर प्रत्येक संभाषणाची एक ओळ लिहितो: कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्याकडे, कुठल्या पोर्टवर, केव्हापासून केव्हापर्यंत, किती पॅकेट, किती बाइट. सिस्कोने नव्वदच्या दशकात आणलेला नेटफ्लो हा याचा मूळ पुरुष. दुसरी रीत फुल पॅकेट कॅप्चरची, म्हणजे तारेवरून गेलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा डिस्कवर उतरवायचा. गुन्हेवार्ता वाचणाऱ्यांना फरक एका वाक्यात कळेल: पोलीस काढतात तो सीडीआर म्हणजे फ्लो, आणि फोनवरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग म्हणजे पॅकेट कॅप्चर.

हार्टब्लीडचा हल्ला या दोन्हींत कसा दिसतो ते पाहू. आधी फ्लो. पुढच्या ओळी नमुन्यादाखल रचलेल्या आहेत, पत्तेही उदाहरणासाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत, पण आकडे अशा हल्ल्याला शोभतील असेच आहेत.

```
15:20:11 TCP 203.0.113.45:51322 -> 198.51.100.20:443   12 pkts    868 bytes
15:20:11 TCP 198.51.100.20:443 -> 203.0.113.45:51322   18 pkts  21410 bytes
```

बाहेरून कुणीतरी 443 या पोर्टवर आलं, त्याने हजारभरापेक्षा कमी बाइट पाठवले आणि एकवीस हजार बाइट घेऊन गेलं. यात संशय घ्यावा असं काय आहे? काहीच नाही. वेबसाइटवरचा छोटासा फोटो उघडणाऱ्या कुणाचीही नोंद अशीच दिसते. थोडं मागायचं आणि भरपूर न्यायचं, हाच वेबचा रोजचा व्यवहार. एकाच पत्त्याने दहा मिनिटांत आपले सगळे सर्व्हर ओळीने ठोठावले असतील तर ते फ्लोमध्ये उठून दिसेल. पण एकाच सर्व्हरकडे एकदाच येऊन गेलेला शहाणा चोर गर्दीत मिसळून जातो.

आता तोच प्रसंग पॅकेटमध्ये.

```
18 03 02 00 03 01 40 00
```

हे आठ बाइट, सोळाच्या पायावर लिहिलेले. `18` म्हणजे हा हार्टबीट आहे. `03 02` ही टीएलएसची आवृत्ती, 1.1. `00 03` सांगतं की पुढे फक्त तीन बाइट येणार आहेत. त्या तिनांतला पहिला `01`, म्हणजे ही विचारणा आहे, उत्तर नव्हे. उरलेले दोन, `40 00`, म्हणजे ‘माझा मजकूर 16,384 बाइटांचा आहे’. तीन बाइटांच्या निरोपात सोळा हजारांचा मजकूर मावत नाही. खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं, कुठलाही अंदाज बांधावा लागत नाही. शिवाय उत्तरादाखल सर्व्हरने काय ओकलं तेही कॅप्चरमध्ये असतं, म्हणजे नेमकं कुणाचं सेशन फुटलं हेसुद्धा सांगता येतं.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की मग सगळ्यांनी पॅकेटच का ठेवू नयेत? हिशेब मांडू. एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेच्या इंटरनेट जोडणीवर दिवसरात्र मिळून सरासरी 400 मेगाबिट प्रतिसेकंद वाहतूक आहे असं धरा. सेकंदाला 50 मेगाबाइट, दिवसाला 4.32 टेराबाइट, महिन्याला सुमारे 130. त्याच जोडणीवर सेकंदाला दोन हजार फ्लो होतात असं धरलं, तर नेटफ्लोच्या पाचव्या आवृत्तीतली एक नोंद 48 बाइटांची, त्यामुळे दिवसाला साधारण 8.3 गिगाबाइट. वर्षाला तीन टेराबाइट. एका दिवसाच्या पॅकेटांना जितकी जागा लागते, तितक्यात वर्षभराचे फ्लो बसून वर जागा उरते.

सीईआरटी-इनने एप्रिल 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार भारतातल्या संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस सांभाळावे लागतात. ‘लॉग’ म्हणजे सगळी पॅकेटं असा अर्थ तिथे नाही, हे बरंच आहे. आपल्या उदाहरणात 180 दिवसांचे फ्लो दीड टेराबाइट होतात, एका डिस्कवर बसतात. तेवढ्याच दिवसांची पॅकेटं 778 टेराबाइट, म्हणजे वीस टेराबाइटच्या एकोणचाळीस डिस्क. एखादी डिस्क गेली तर माल वाचावा म्हणून लागणाऱ्या जादा डिस्क वेगळ्या, शिवाय रॅक, वीज आणि एसी. त्याहून छळणारी गोष्ट शोधण्याची. सेकंदाला एक गिगाबाइट वेगाने वाचलं, तरी एका महिन्याचा साठा एकदा चाळायला 36 तास लागतात. आणि चौकशीत एकदा चाळून कुणाचं भागतं?

लिहिण्याचा वेग हाही अडसर. वाहतूक अचानक उसळली आणि डिस्क मागे पडली की कॅप्चर करणारं यंत्र पॅकेटं टाकून देतं. गळती किती झाली याचा आकडा बहुतेक साधनं देतात, पण तो रोज पाहणारा माणूस लागतो. नाहीतर ‘संपूर्ण’ नाव असलेल्या नोंदीत नेमकी हवी ती दहा सेकंदं नसतात आणि ते वर्षभराने कळतं.

फ्लोचीही अशीच एक मेख आहे. भरधाव जोडण्यांवरचे राउटर बऱ्याचदा प्रत्येक पॅकेट मोजत नाहीत, हजारातलं एक उचलतात. आपला हल्ला दोन्ही बाजू मिळून तीस पॅकेटांचा होता. हजारात एक या दराने त्याचं एखादं तरी पॅकेट हाती लागण्याची शक्यता शंभरात तीन. वाहतुकीचे अंदाज बांधायला आणि मोठे पूर ओळखायला हे पुरतं. चौकशीत मात्र ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘घडलं नाही’ असा लावता येत नाही. म्हणून फ्लोचा अहवाल समोर आला की मी सॅम्पलिंगचा दर आधी विचारतो.

2014 कडे परत येऊ. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत आणि तिच्याशी जोडलेल्या नर्स्क या महासंगणक केंद्रात पॅकेटं जपून ठेवण्याची जुनी सवय होती. विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो साठा उघडला आणि बातमी फुटण्याआधीच्या वाहतुकीत हार्टब्लीडची खूण शोधली. सापडली नाही. पहिला प्रयत्न दिसला तो जाहीर घोषणेनंतर सुमारे साडेएकवीस तासांनी. हे उत्तर फक्त पॅकेटांमुळे मिळालं. पण त्याला कुंपण आहे: साठा होता तो 2014 च्या पहिल्या काही महिन्यांचा आणि त्याआधीच्या तुटक तुकड्यांचा, तोही मोजक्या ठिकाणचा. भोक मात्र दोन वर्षांचं होतं. पॅकेट कॅप्चरची सर्वांत मोठी आंधळी जागा काळाची आहे. ते सगळं पाहतं, पण फार मागचं पाहत नाही.

याच बर्कलीच्या मंडळींनी 2005 मध्ये यावर एक मधली वाट काढली होती, नाव ‘टाइम मशीन’. त्यांचं निरीक्षण असं की बहुतेक संभाषणं छोटी असतात. डिस्क भरतात त्या मूठभर अजस्र फायली. मग प्रत्येक संभाषणाचे पहिले दहा-वीस किलोबाइट ठेवायचे आणि पुढचं सोडून द्यायचं. साठ्याचं ओझं नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरतं आणि बहुतेक संभाषणं तरीही पूर्ण मिळतात. सुरुवातीलाच धाडलेला हार्टबीट यात अलगद सापडेल. तासभर चाललेल्या जोडणीच्या शेवटी धाडलेला मात्र सुटेल, आणि हे माहीत असलेला हल्लेखोर तेवढी वाट पाहू शकतो.

एन्क्रिप्शनचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आला असेल. वरचे आठ बाइट वाचता आले, कारण ते गुप्त बोलणं सुरू होण्याआधीच धाडलेले होते. त्यानंतर धाडले असते तर आतला मजकूर कुलूपबंद असता, टीएलएस 1.2 पर्यंत रेकॉर्डचा प्रकार आणि लांबी तेवढी उघडी राहत असे. छोटी विचारणा आणि भलंमोठं उत्तर, एवढ्यावरून संशय घेता येई. टीएलएस 1.3 मध्ये तो प्रकारही झाकला गेला आहे. आज बहुतांश वाहतूक एन्क्रिप्टेड असताना शेकडो टेराबाइट खर्चून जे साठतं, त्यातलं बरंचसं न उघडणारं असतं. उरतात ते पत्ते, वेळा आणि आकार, म्हणजे जवळपास फ्लोच. वर जे उघडं साठलं असेल ते चोरांच्या हाती लागण्याची धास्ती वेगळी.

मला हार्टब्लीडच्या या धांदलीतली सर्वांत बोलकी वाटते ती टेपची गोष्ट. एका माध्यम कंपनीच्या टेपवर जपलेल्या, नोव्हेंबर 2013 मधल्या नोंदींत वर दिलेले आठ बाइट जसेच्या तसे सापडले, बातमी फुटण्याच्या पाच महिने आधीचे. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ते प्रसिद्ध केलं आणि इतरांनाही जुने साठे तपासायचं आवाहन केलं. त्या नोंदी मात्र आत येणाऱ्या पॅकेटांच्या होत्या. विचारणा दिसली, पण सर्व्हरने उत्तर दिलं की नाही, हे नुसत्या विचारणेवरून ठरत नाही. ते ठरवायला बाहेर गेलेली पॅकेटं लागली नसती. त्या क्षणाची, उलट्या दिशेची एक 48 बाइटांची फ्लो नोंद पुरली असती: बाइटांच्या रकान्यात आकडा नेहमीच्या चार-पाच हजारांचा आहे की एकवीस हजारांचा, एवढंच पाहायचं होतं.