लोकशाहीची फूटपट्टी

लोकशाही मोजायची, तर आधी तिचे ठळक गुण ठरवावे लागतात. मग प्रत्येक गुणासाठी बाहेरून तपासता येईल अशी खूण शोधायची आणि त्या खुणांवरून देशाला श्रेणी किंवा गुण द्यायचे. या साखळीची पहिली कडी सैल राहिली, तर पुढचे आकडे कितीही काटेकोर असले तरी उपयोग नसतो.

इटालियन राज्यशास्त्रज्ञ जिओव्हानी सार्तोरी यांनी 1970 मध्ये नेमके या सैलपणावर बोट ठेवले. शब्द जास्त देशांना लावायचा असेल, तर त्याच्या व्याख्येतले गुण उघडपणे कमी करावेत, असे त्यांचे म्हणणे. गुणांची यादी तीच असल्याचे भासवून शब्द मात्र वाटेल तिथे लावला, की संकल्पना ताणली जाते. पाकिस्तानात अयुब खान यांनी 1959 मध्ये आणलेली 'मूलभूत लोकशाही' हे याचे ठळक उदाहरण. लोकांनी 80,000 स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि 1960 मध्ये त्या प्रतिनिधींनी अयुब यांच्यावर विश्वास आहे की नाही, एवढेच सांगायचे. समोर दुसरा उमेदवार नव्हता. मतदान झाले म्हणून याला लोकशाही म्हटले, तर त्या शब्दातून स्पर्धाच निघून जाते.

अ‍ॅडम प्रझेवोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट टोकाची, कडक फूटपट्टी घेतली. सत्ताप्रमुख व कायदेमंडळ निवडून आलेले हवेत आणि एकाहून अधिक पक्ष हवेत. शिवाय सत्ताधारी पक्ष कधीच हरला नसेल, तर तो हरल्यावर सत्ता सोडेल हे कशावरून? म्हणून सत्तांतराचीही अट. भारतात 1977 मध्ये काँग्रेस हरली आणि पायउतार झाली. त्यामुळे आधीची काँग्रेस राजवटही मागाहून निर्धास्तपणे लोकशाहीत धरता येते.

बोट्स्वानाने या फूटपट्टीची पंचाईत केली. 1966 मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात नियमित निवडणुका होत, विरोधी पक्षही लढत. पण दर वेळी बोट्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टीच जिंके. परिणामी त्याची नोंद हुकूमशाहीत झाली. अभ्यासकांनी ही जोखीम जाणूनबुजून पत्करली होती: शंका असेल तिथे लोकशाहीचा शिक्का मारायचा नाही. निर्णय वादग्रस्त असला तरी प्रामाणिक म्हणावा लागेल, कारण चूक कोणत्या बाजूला होऊ शकते ते वाचकाला आधीच कळते.

2024 मध्ये हा पक्ष हरला आणि सत्ता शांतपणे दुसऱ्यांकडे गेली. तोच नियम लावला, तर बोट्स्वानाची आधीची वर्षे आता लोकशाहीच्या रकान्यात जातात, म्हणजे 1985 सालच्या बोट्स्वानाची नोंद 2024 च्या निकालावर ठरते. सत्तांतर ही लोकशाहीची खूण आहे की तिचाच भाग, हा प्रश्न त्या नियमाने सोडवलेला नाही.