तीन दिवस आणि एक कागद

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४. रात्रीचे पावणेबारा. साताऱ्यातल्या एका शिक्षिकेच्या फोनवर बँकेचा एसएमएस येतो: तुमच्या डेबिट कार्डावरून ३८,४०० रुपये परदेशी संकेतस्थळावर खर्च झाले. कार्ड पर्समध्येच आहे. ओटीपी आलेला नाही आणि तिने कुणाला काही सांगितलेलंही नाही. एसएमएस ती पाहते शनिवारी सकाळी, आणि तो दुसरा शनिवार असल्यामुळे शाखा बंद.

हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी रचलेला आहे, पण असे व्यवहार खरोखर घडतात. भारतातल्या ऑनलाइन खरेदीला सहसा ओटीपी लागतो. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांना मात्र कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा तीन आकडी सीव्हीव्ही एवढंच पुरतं. कुठल्या तरी दुकानाच्या साठ्यातून ही माहिती फुटली, तर ग्राहकाची चूक नसतानाही पैसे जातात.

अशा वेळी पैसे परत मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच नियम लागू झाले. या नियमांचा गाभा असा: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत दुसरीकडेच काही फुटलं आहे, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर एका रुपयाचाही भार नाही. चूक बँकेचीच असेल, तर कळवायला उशीर झाला तरी भार बँकेवरच. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

दिवस कसे मोजायचे

हे तीन दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस धरत नाहीत, आणि आपलं खातं असलेल्या शाखेचे कामकाजाचे दिवसच धरतात. शिक्षिकेच्या बाबतीत शनिवार, रविवार सुट्टी. सोमवार १६ तारीख पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार १८ तिसरा. बुधवारपर्यंत कळवलं तर तिची जबाबदारी शून्य.

चौथ्या ते सातव्या दिवसात, म्हणजे १९ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान कळवलं, तर साध्या बचत खात्यावर तिचा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये. उरलेले २८,४०० बँकेने सोसायचे. सात दिवसही उलटले, तर बँकेचं स्वतःचं धोरण काय म्हणतं त्यावर सगळं अवलंबून. दोन दिवसांचा आळस दहा हजारांना पडू शकतो, तो असा.

कार्ड बंद केलं म्हणजे तक्रार झाली असं नाही

शनिवारी सकाळी तिचं पहिलं काम बँकेच्या हेल्पलाइनवर फोन करून कार्ड बंद करण्याचं. दुसरं, १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवण्याचं. बरेच लोक इथेच थांबतात. हेल्पलाइनवरचा माणूस कार्ड बंद करतो, नवं कार्ड येईल म्हणतो आणि फोन ठेवतो. पण गेलेल्या रकमेबद्दलची तक्रार नोंदलीच नसेल, तर पुढे त्या फोनचा उपयोग थोडा. म्हणून फोनवरच विचारायचं: "या व्यवहाराची तक्रार नोंदली का? तिचा क्रमांक काय?"

आणि लगेच, शनिवारीच, ईमेल पाठवायचा. शाखा बंद असली तरी चालतं, कारण ईमेल, फोन, एसएमएस, संकेतस्थळ अशा मार्गांनी चोवीस तास तक्रार घेण्याची सोय ठेवणं बँकांवर बंधनकारक आहे. तोच मजकूर सोमवारी कागदावर छापून शाखेत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. शिक्का, सही आणि आवक क्रमांक. पुढे वाद झाला, तर कधी कळवलं हे हाच कागद सांगतो.

अर्जात काय लिहायचं

"कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढ्यावर अर्ज संपवू नये. त्यात तारखा हव्यात. शिक्षिकेचा अर्ज असा होईल:

"माझ्या बचत खात्याच्या डेबिट कार्डावरून (शेवटचे चार आकडे अमुक) दि. १३ डिसेंबर २०२४ रोजी ३८,४०० रुपयांचा व्यवहार झाला. तो मी केलेला नाही व त्यास माझी संमती नव्हती. कार्ड माझ्याकडेच होते. मला ओटीपी आला नाही व मी कोणतीही माहिती कुणास दिलेली नाही. दि. १४ रोजी कार्ड बंद केले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम १० कामकाजी दिवसांत, म्हणजे २७ डिसेंबरपर्यंत, व्यवहाराच्या तारखेपासून परिणाम धरून माझ्या खात्यात जमा करावी. तक्रारीचा अंतिम निर्णय ९० दिवसांत, म्हणजे १४ मार्च २०२५ पर्यंत, लेखी कळवावा. व्यवहार मीच केला असे बँकेचे म्हणणे असल्यास त्याचा पुरावा द्यावा."

सोबत एसएमएसचा स्क्रीनशॉट आणि खात्याचा उतारा. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा पिन मात्र अर्जात कधीही लिहू नये.

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. दहा दिवसांत जमा होणारी रक्कम तात्पुरती असते. चौकशी संपेपर्यंत बँक ती अनेकदा गोठवून ठेवते आणि चूक ग्राहकाची ठरली तर परतही घेते. पण व्यवहाराच्या तारखेपासून परिणाम धरल्यामुळे बचत खात्यावरचं व्याज बुडत नाही, आणि क्रेडिट कार्ड असेल तर वादातल्या रकमेवर व्याज चढत नाही. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं: ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं नियमाने बँकेवर टाकलं आहे.

उत्तर आलं की काय वाचायचं

"व्यवहार यशस्वी झाला असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे" असं उत्तर येऊ शकतं. व्यवहार यशस्वी झाला म्हणूनच तर पैसे गेले. तो ग्राहकाने केला हे त्यातून सिद्ध होत नाही. तेव्हा लेखी विचारावं: ओटीपी पाठवला होता का, कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, आणि तो कुणी टाकला? ओटीपीशिवाय झालेल्या परदेशी व्यवहारात बँकेकडे याचं उत्तर नसतं, आणि तेच ग्राहकाचं बळ असतं. "आधी एफआयआर आणा" असंही ऐकू येतं. पोलिसांत तक्रार जरूर करावी, पण बँकेला कळवणं तिच्यासाठी थांबवू नये. तीन दिवसांची मुदत पोलीस ठाण्याच्या कागदासाठी थांबत नाही.

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क दाद मागता येते. तिथे पहिला प्रश्न असतो, बँकेकडे लेखी तक्रार केली होती का आणि केव्हा? शिक्षिकेकडे शनिवारचा ईमेल आहे, सोमवारचा शिक्का आहे. तुमच्याकडेही असू द्या. मोबाइल क्रमांक बँकेत अद्ययावत ठेवा, बँकेचा एसएमएस आला की वाचा, आणि व्यवहार अनोळखी वाटला तर त्याच दिवशी लिहून कळवा.